‘गल्ला’ हे नाव मागे पडलं

बुधवार, रात्र

आज वहिनी एवढंच म्हणाल्या, “हे मासिक मी टीपॉयवर ठेवू शकणार नाही.” तेव्हापासून मन लागत नाही. भांडण झालं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. पण घरून धंदा करणाऱ्या बायकांसाठी आम्ही जे मासिक काढणार आहोत, त्याच्यासाठी ‘गल्ला’ हे नाव मी इतके दिवस मनात जपलं होतं, आणि ते एका वाक्यात मागे पडलं.

मला ते का हवं होतं, ते लिहूनच काढते. आपल्याकडे माल बाई करते आणि गल्ल्यावर दुसरंच कुणीतरी बसतं. दिवाळीच्या प्रदर्शनात पाहावं, चकली काकूंची, भाजणी काकूंची आणि पैसे घेऊन सुटे देणारे काका. हे मासिक जिच्यासाठी काढायचंय, तिने त्या खुर्चीवर बसावं एवढीच माझी इच्छा. नावातच ते यावं असं वाटत होतं. ‘सखी’, ‘मैत्रीण’ अशी नावं मला नको होती. त्यांत आपुलकी आहे, पण धंदा कुठेच नाही.

आधीची यादीही अशीच गळत गेली. आमची पद्धत साधी होती. मासिकाबद्दल काही न सांगता नुसतं नाव कागदावर लिहून बायकांना दाखवायचं आणि विचारायचं, “आत काय असेल?” ‘भरारी’ला उत्तर आलं, शाळेचा वार्षिक अंक. ‘गृहोद्योजिका’ वाचून एकीने विचारलं, फॉर्म कुठे भरायचा? तिला ती सरकारी योजना वाटली आणि तिचं काही चुकलं नाही, योजनांची नावं तशीच असतात. त्यातून ते नाव मुखपृष्ठावर लिहून पाहिलं तर गृ आणि द्य यांच्या गर्दीत मोबाईलवर वाचतासुद्धा येईना. ‘स्वयंसिद्धा’ सुंदर आहे, पण कोल्हापूरच्या बाईला ते दाखवलं की तिला तिथली संस्थाच आठवते. माझ्याबरोबर मासिक काढणाऱ्या ताईंना ‘उद्योजिका’ फार आवडलं होतं. पण महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं ‘उद्योजक’ मासिक आधीपासून आहे आणि इतकं जवळचं नाव घेणं मला धोक्याचं वाटलं.

कारण नाव आवडून भागत नाही, ते मिळावं लागतं. वृत्तपत्रं-मासिकांच्या नोंदणीचा 1867 चा जुना कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून नवा आला. आता नोंदणीचा अर्ज ऑनलाइन प्रेस सेवा पोर्टलवर, प्रेस महानिबंधकांकडे करायचा. नियमाचा गाभा असा की दुसऱ्या मालकाच्या नावासारखं किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव त्याच भाषेत देशात कुठेही चालत नाही, आणि आपल्या राज्यात तर कुठल्याही भाषेत चालत नाही. म्हणजे इंदूरहून निघणारं मराठी पत्र आडवं येऊ शकतं आणि नागपूरचं हिंदी पाक्षिकही. ‘उमंग’, ‘प्रेरणा’, ‘प्रगती’ असले शब्द सगळ्या भाषांना सारखेच हवेहवेसे, तेव्हा ते आपल्यासाठी मोकळे राहिले असतील ही आशाच सोडावी. पुढे ‘नवी’ किंवा मागे ‘टाइम्स’ लावून सुटका होईल असंही धरून चालू नये. ‘गल्ला’ हिंदीतही आहेच, ही धाकधूक मला होती. पण ते नाव कागदावर अडलं असतं तर मी मुकाट्याने सोडलं असतं. टीपॉयवर अडलं, हे सोसवत नाही.

वहिनींचं म्हणणं मी आता शांतपणे आठवतेय. त्यांनी नावाला वाईट म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, घरात पाहुणे येतात, सासूबाई बसतात, कुणीही मुखपृष्ठ वाचणार आणि पहिला प्रश्न विचारणार, मग किती जमला गल्ला? आणि त्याचं उत्तर त्यांना अजून कुणाला द्यायचं नाही. मसाल्याच्या ऑर्डरी घेतात, पण विचारलं तर “थोडंफार करते घरच्या घरी” एवढंच सांगतात. मी म्हटलं, हेच तर बदलायचंय. त्यावर त्या म्हणाल्या, “मग मासिक आधी घरात तर येऊ दे.”

मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. पैशाचं नाव उघडपणे घ्यायला आपल्याला एवढं का जड जातं? काकांच्या दुकानावर पाटी असते, तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही. मी एकटीच कुठवर बोलत राहायचं... असो.

पण त्यांचं म्हणणं खोडता येत नाही. मासिकाचं नाव एकदाच वाचून संपत नाही. ते महिनाभर घरात पडून असतं, स्टॉलवर मोठ्याने मागावं लागतं. शंकरराव किर्लोस्करांनी 1930 मध्ये मासिक काढलं ते सरळ ‘स्त्री’ म्हणून, आणि एवढ्या साध्या नावाखाली त्या काळी किती अवघड विषय घराघरांत गेले. 1989 मध्ये विद्या बाळांनी नाव दिलं ‘मिळून साऱ्याजणी’. हातात घेणारी बाई त्या नावातच सामील होते. दोन्ही नावं तिला उघडी पाडत नाहीत. ‘गल्ला’ पाडतं.

मग निघताना, चप्पल घालता घालता, वहिनी आमच्या एका ओळखीच्या बाईंबद्दल बोलत होत्या. तिची पुरणपोळी महाग का विकली जाते, तर तिची जमेची बाजू म्हणजे वेळ पाळणं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

‘जमेची बाजू’. घरी येऊन कागदावर लिहिलं. खोड काढायची म्हणूनच लिहिलं, खरं सांगायचं तर. पण निघेना. जोडाक्षर एकही नाही, दोन ओळींत मोठं बसतं, लांबून वाचता येतं. स्टॉलवर “जमेची बाजू आलं का?” असं विचारताना जीभ अडखळत नाही. हा वाक्प्रचार मराठीच, त्यामुळे हिंदी नावाशी टक्कर होण्याची भीती कमी. आणि शब्द आलाय थेट जमाखर्चाच्या वहीतून. पैसा त्यात आहेच, पण पाहुण्यांना दिसेल ती एखाद्या बाईची गुणवत्ता, आणि वही लिहिणारीला दिसेल आवक. वहिनींना उद्या विचारायचंय, पण त्या काय म्हणतील हे मला माहीत आहे.

एक अडचण राहतेच. जमेच्या समोर खर्चाची बाजू असते आणि नुसतं कौतुक छापणारं मासिक होण्याचा धोका या नावात आहे. म्हणून ‘गल्ला’ मी सोडत नाहीये. ते सदराचं नाव होईल. दर महिन्याला एकीचा पूर्ण हिशेब: डाळ, तेल, गॅस, पिशव्या, रिक्षा, आणि स्वतःच्या तासांची मजुरीसुद्धा, जी कुणीच धरत नाही. मजुरी धरल्यावर तोटा निघाला तर तोटाच छापायचा. आत पान उघडणारीने मुखपृष्ठ ओलांडलेलं असतं, तिथे मला आवाज खाली करायची गरज नाही.

उद्या पोर्टलवर आधीच्या नावांमध्ये शोध घ्यायचा. ‘जमेची’, ‘बाजू’ असे शब्द सुटे टाकूनही पाहायचे, कारण मिळतंजुळतं नाव तसंच सापडतं. मग ताईंच्या वकिलांना ट्रेडमार्कचा वर्ग 16 पाहायला सांगायचं. छापील मासिकं त्यात येतात, आणि मासिकाची नोंदणी झाली म्हणजे ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही. अडलंच तर ‘हातचा एक’ मागे ठेवलंय. तेही वहीतलंच.

नावाखालच्या ओळीवरून मात्र मी भांडणार आहे. ‘घरातून बाजारात’. त्यातला ‘बाजार’ कुणाला खटकला तरी काढणार नाही.