चित्र गेलं, सहा आकडे उरले: कळमनुरीकडच्या धक्क्याचं केंद्र

भूकंपाचे धक्के नोंदवणारी आमची तीन केंद्रं आता सुरळीत चालू आहेत. एक उमरखेडजवळ, एक माझ्या शेतातल्या खोलीत पुसदला आणि तिसरं वाशीमच्या बाजूला. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा आमच्याकडेही भांडी वाजली होती. या पट्ट्यातले लहान धक्के आपल्याला पकडता येतील का, यासाठीच ही तीन ठिकाणं निवडली. या वेळची नोंद त्यांतल्याच एका धक्क्याची आहे. अगदी लहान होता, गावात कुणाला जाणवला नाही, पण जमिनीची थरथर टिपणाऱ्या आमच्या तिन्ही जिओफोनवर स्पष्ट आला.

तिन्ही केंद्रांच्या रेषा एकाखाली एक लावून मी एक चित्र तयार केलं होतं. ते ज्या मेमरी कार्डावर होतं, ते कार्डच बंद पडलं. मूळ नोंदीही उरल्या नाहीत, कारण आमची यंत्रं सात दिवसांचीच साठवण ठेवतात आणि जुन्यावर नवं लिहितात. उरला तो उमरखेडच्या सरांना त्याच सकाळी पाठवलेला एक निरोप, प्रत्येक केंद्रावर आधी पोचणाऱ्या पी लाटेच्या आणि मागून येणाऱ्या एस लाटेच्या वेळांचा:

```
UMK  P 02:41:15.9  S 02:41:20.2
PSD  P 02:41:17.9  S 02:41:23.7
WSM  P 02:41:24.6  S 02:41:33.1
```

वेळ भारतीय आहे. रात्रीचे पावणेतीन वाजत आले होते, म्हणून वणीकडच्या कोळसा खाणीतला स्फोट असण्याची शंका लगेच बाजूला ठेवली. तिथले सुरुंग दिवसा उडवतात, आणि ती दिशाही नाही.

चित्र हाताशी असतं तर एखाद्या वेळेबद्दल शंका आली की पुन्हा रेषेकडे बघता आलं असतं: एस लाट इथंच सुरू होते की थोडी पुढे? आता तो मार्ग बंद. म्हणजे हे सहा आकडे एकमेकांशी जुळतात का, हे आकड्यांनाच विचारायचं. त्यासाठी एक जुना आणि भक्कम उपाय आहे, जपानी भूकंपशास्त्रज्ञ वादाती यांच्या नावाने ओळखला जाणारा. मला तो फार आवडतो, कारण त्याला धक्क्याचं केंद्र कुठे आहे हे माहीत असावं लागत नाही.

कवचाच्या खडकात पी लाटेचा वेग एसच्या सुमारे १.७३ पट असतो. म्हणजे धक्क्याच्या क्षणापासून पी यायला जितका वेळ लागला, त्याच्या ०.७३ पट वेळ एस आणखी मागे राहते. उलट करून बघा: एस आणि पीमधलं अंतर सेकंदांत घ्या, त्याला १.३७ ने गुणा, ते पीच्या वेळेतून वजा करा, की धक्का मुळात किती वाजता झाला ते कळतं. धक्का एकच आहे, तेव्हा तिन्ही केंद्रांनी एकच वेळ सांगायला हवी.

उमरखेडचा फरक ४.३ सेकंद. त्याला १.३७ ने गुणलं की ५.९, आणि १५.९ मधून वजा केले की १०.०. पुसदचा फरक ५.८, गुणून ७.९, आणि १७.९ मधून वजा केले की पुन्हा १०.०. छान जुळलं. वाशीमचा फरक ८.५, गुणून ११.६, आणि २४.६ मधून वजा केले की १३.०. म्हणजे दोघं म्हणतात धक्का २ वाजून ४१ मिनिटं १० सेकंदांनी झाला, आणि वाशीम म्हणतं १३ सेकंदांनी.

तीन सेकंद हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पी अगदी नीट वाचली तर चूक एक दशांश सेकंदाची राहते. एस पीच्या शेपटीत मिसळलेली असते, त्यामुळे तिच्यात तीन दशांश धरावेत. वाशीमचा घोटाळा याच्या कितीतरी पुढचा आहे. आता तीन शक्यता उरतात: वाशीमची पी चुकीची वाचली गेली, एस चुकीची वाचली गेली, किंवा दोन्ही बरोबर आहेत आणि घड्याळ पुढे आहे. नुसत्या या गणितातून यांतलं कोणतं खरं, हे कळत नाही. त्यासाठी नकाशावर यावं लागतं.

अंतराचा हिशेब सोपा आहे. पीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर धरला तर एस-पी फरकाच्या प्रत्येक सेकंदाला ८.२ किलोमीटर अंतर. उमरखेडपासून ३५, पुसदपासून ४७.५. ही अंतरं जमिनीखालच्या उगमापर्यंतची आहेत. खोली १० किलोमीटर मानून पायथागोरसने ती पृष्ठभागावर आणली तर ३४ आणि ४६.५ किलोमीटर होतात. आलेख कागदावर पुसद मध्यबिंदू घेतलं, एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर. उमरखेड पूर्वेला १३ आणि दक्षिणेला ३४ किलोमीटर, वाशीम पश्चिमेला ४६ आणि उत्तरेला २२.

ज्या दोन केंद्रांवर विश्वास आहे, त्यांचीच वर्तुळं आधी काढली. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. एक छेद माहूर आणि किनवटच्या मधे पडला, पुसदपासून पूर्वेला ४३ आणि दक्षिणेला १८ किलोमीटर. दुसरा कळमनुरीच्या दक्षिणेला, पुसदपासून पश्चिमेला २० आणि दक्षिणेला ४२. आता वाशीमला विचारायचं. वाशीमपासून माहूरकडच्या बिंदूच्या उगमाचं अंतर ९८ किलोमीटर येतं आणि कळमनुरीकडच्याचं ७०.

वाशीमच्या तिन्ही शक्यता वेगवेगळं अंतर सांगतात, हीच या प्रकरणातली गंमत आहे. घड्याळ पुढे असेल तर पी आणि एस दोन्ही सारख्याच सरकतात, त्यांच्यातला फरक बिघडत नाही, आणि ८.५ सेकंद म्हणजे सरळ ७० किलोमीटर. एस चुकली असेल आणि पी बरोबर असेल, तर १०.० ला निघालेली पी १४.६ सेकंद चालली, म्हणजे ८८ किलोमीटर. पी चुकली असेल आणि एस बरोबर असेल, तर एस २३.१ सेकंद चालली. तिचा वेग सेकंदाला जवळपास साडेतीन किलोमीटर, म्हणजे ८० किलोमीटर.

७०, ८८, ८०. आणि नकाशा म्हणतो एकतर ७० किंवा ९८. ८० आणि ८८ कुठेच बसत नाहीत, ७० नेमकं बसतं. म्हणजे घड्याळ. एकाच पायरीत दोन गोष्टी सुटल्या: माहूरकडचा छेद बाद झाला, आणि वाशीमच्या आकड्यांत काय बिघडलं तेही कळलं.

तरी कागदावरचं अनुमान ते अनुमानच, म्हणून वाशीमच्या काकांना फोन लावला. त्या दिवसांत तिकडे काही झालं होतं का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "लाइन दोन दिवस नव्हती ना भाऊ. तुमचं यंत्र बॅटरीवर चालू होतं, पण राउटर बंदच होता." यंत्राच्या कार्डावर लाटांच्या नोंदी सात दिवसांत पुसल्या जातात, पण घड्याळ मिळवल्याची मजकुराची फाइल वेगळी असते आणि ती राहते. काकांनी ती पाठवली. धक्क्याच्याच सकाळची ही ओळ त्यात होती:

```
08:50:12 NTP sync, offset -3.41 s
```

नेट आलं तेव्हा यंत्र ३.४ सेकंद पुढे होतं. दोन दिवसांत इतकं, म्हणजे दिवसाला १.७ सेकंद. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाला दहा लाखात वीस भाग एवढी चूक मान्य असते, ती दिवसाला बरोबर १.७ सेकंदच होते. आता धक्का त्या ओळीच्या सहा तास आधीचा. सहा तासांचे ०.४ सेकंद कमी केले की ३.० उरतात. वादातीच्या हिशेबातून आलेला आकडाही ३.० होता. फाइलमधल्या या ओळीचा आणि कागदावरच्या त्या वजाबाकीचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि दोघी एकाच जागी आल्या. मी बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून बघत बसलो.

वाशीमच्या वेळा तीन सेकंदांनी मागे घेतल्या, म्हणजे पी २१.६ आणि एस ३०.१. तिसरं वर्तुळ ६९ किलोमीटरचं काढलं आणि ते कळमनुरीकडच्या छेदातूनच गेलं. धक्क्याचं केंद्र उत्तर अक्षांश १९.५३, पूर्व रेखांश ७७.३८. याला मी पाच किलोमीटरची मोकळीक ठेवतो. एसच्या वाचनातली ०.३ सेकंदांची चूक एकटी अडीच किलोमीटर खाते. वेगाच्या अंदाजातून तेवढा फरक पडत नाही: ८.२ च्या जागी ८.० घेऊन पुन्हा मांडलं तर बिंदू जेमतेम सव्वा किलोमीटर ईशान्येला सरकला.

खोलीबद्दल मात्र काहीच म्हणता येणार नाही. सगळ्यात जवळचं केंद्र ३४ किलोमीटरवर आहे, आणि तिथून १० किलोमीटर खोलीऐवजी ५ धरली तर वर्तुळ फक्त एका किलोमीटरने मोठं होतं. तो फरक एसच्या चुकीत बुडून जातो. खोली काढायची तर केंद्र उगमाच्या जवळजवळ डोक्यावर हवं. तीव्रताही गेली ती गेलीच, कारण ती रेषेच्या उंचीवरून काढतात आणि निरोपात उंची नव्हती. पहिला झटका वर होता की खाली, तेही चित्राबरोबरच गेलं.

दुसरी उणीव मांडणीची आहे. मिळालेल्या बिंदूवर उभं राहिलं तर वाशीम वायव्येकडे, पुसद ईशान्येला आणि उमरखेड पूर्वेला दिसतं. तिन्ही मिळून जेमतेम शंभर अंशांत मावतात, उरलेले दोनशेसाठ अंश रिकामे. तिन्ही ठिकाणी एस थोडी उशिरा वाचली गेली तर बिंदू नैऋत्येला ढकलला जाईल आणि त्याला थांबवणारं त्या बाजूला कुणी नाही. हिंगोली शहराच्या पलीकडे, औंढ्याच्या रस्त्यावर, एका ओळखीच्या शेतकऱ्याने विहिरीशेजारची खोली देऊ केली आहे. जमीन कठीण आहे, खाली काळा पाषाण आहे, पंप मात्र बराच लांब. चौथा जिओफोन तिथेच बसणार.

तोवर निरोपाचा साचा बदलला आहे. प्रत्येक ओळीत पी, एस, सगळ्यात मोठ्या झोक्याची उंची, पहिल्या झटक्याची दिशा आणि घड्याळ शेवटचं कधी मिळवलं ते, असं सगळं मजकुरातच जातं. वाशीमच्या यंत्रात तापमानानुसार स्वतःला सांभाळणारं डीएस३२३१ घड्याळ लावायला घेतलं आहे. त्याची चूक दहा लाखात दोन, म्हणजे दोन दिवस नेट नसलं तरी एक तृतीयांश सेकंद. आणि राउटरलाही आता वेगळी बॅटरी असेल.