‘होय, चालेल’ एवढ्यावर ऑर्डर देऊ नका : परदेशातून डिहायड्रेटर मागवतानाचा माझा अनुभव

कोल्हापुरात जून लागला की वाळवणाचं काम थांबतं. शेवग्याच्या पाल्याची पावडर करून विकणं हा माझा घरगुती व्यवसाय, आणि पावसाळ्यात पाला सावलीत ठेवला तर वाळण्याआधी काळाच पडतो. म्हणून स्टीलचं, दहा ट्रेचं फूड डिहायड्रेटर शोधत होते. मनासारखं मिळालं ते अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडे. माहितीत लिहिलं होतं, ‘भारतात चालेल, अडॅप्टर सोबत मिळेल.’

या वाक्यानेच मला मेल लिहायला लावलं. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज आहे तेवढंच राहतं. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज येते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे व्होल्टेज दुप्पट झालं तर ताकद चौपट. १२० व्होल्टवर ६०० वॅट घेणारी कॉइल आपल्या सॉकेटला लावली, तर सुमारे २२०० वॅट ओढू पाहील आणि लगेच जळेल.

मेलमध्ये चार गोष्टी विचारल्या : व्होल्टेज किती, हर्ट्झ किती, वॅट किती आणि प्लग कोणता. आमच्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे आणि गोल पिनांचा थ्री-पिन टॉप लागतो, हेही लिहिलं. उत्तर आलं, ‘होय, काही अडचण नाही, अडॅप्टर देऊ.’ चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसऱ्या मेलमध्ये एकच मागणी ठेवली : मशीनच्या मागे जी रेटिंग प्लेट चिकटवलेली असते, तिचा वाचता येईल असा फोटो पाठवा. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘होय’ म्हणून तो टाळता येत नाही. मोबाइलच्या चार्जरवर `100-240V~ 50/60Hz` असं छापलेलं असतं, तसं असतं तर निर्धास्त झाले असते. फोटोत स्पष्ट दिसलं : `120V~ 60Hz 600W`. म्हणजे आपल्या विजेवर थेट चालणारच नव्हतं.

विक्रेत्याने मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायला सुचवलं. आमच्या गल्लीत काम करणाऱ्या वायरमनदादांना तो फोटो दाखवला. ते म्हणाले, “वहिनी, व्होल्टेज उतरवता येतंय, पण हर्ट्झ न्हाई बदलत. आत पंखा हाय न्हवं?” मुद्दा तोच होता. हीटरला ५० आणि ६० हर्ट्झमध्ये फरक पडत नाही, पण अशा मशीनमध्ये बहुतेकदा साधी एसी मोटर असते. ६० ची मोटर ५० वर साधारण सहाव्या हिश्श्याने मंदावते आणि जास्त तापते. हवा कमी फिरली की एका बाजूचा पाला करपतो आणि दुसऱ्या बाजूचा ओला राहतो. शिवाय मशीन दहा-बारा तास सलग चालणार, म्हणजे ट्रान्सफॉर्मर हजार व्हीएच्या पुढचाच हवा. तो जड आणि महागही. तो विचार तिथेच सोडला.

तिसऱ्या मेलमध्ये विचारलं, हेच मॉडेल २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झमध्ये येतं का? येत होतं, युरोपसाठी बनवलेलं. पण त्याला युरोपचा प्लग. त्याच्या दोन गोल पिना आपल्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये शिरतात, म्हणून लोक तसाच लावतात. मात्र त्या आपल्या पिनांपेक्षा थोड्या बारीक असल्याने सैल बसतात, आणि सैल जागी वायर तापते. त्याहून वाईट म्हणजे त्या प्लगचं अर्थिंग कडेच्या पट्ट्यांतून होतं, आपल्या सॉकेटमध्ये ते जुळतच नाही. स्टीलच्या बॉडीचं मशीन बिनअर्थिंगचं चालवणं मला मान्य नव्हतं.

मग शेवटचा प्रश्न : वायर मशीनला कायमची जोडलेली आहे की काढता येते? काढता येत असेल तर मागच्या खोबणीचा फोटो द्या. फोटोत कॉम्प्युटरच्या सीपीयूला असते तशीच तीन पिनांची खोबण होती. आता अडॅप्टरची गरजच उरली नाही. अशी वायर भारतीय थ्री-पिन टॉपसह, आयएसआय मार्कची, इथेच मिळते. ६०० वॅटला २३० व्होल्टवर २.६ अँपिअर लागतात, तेवढं ती सहज पेलते.

ऑर्डर देताना ‘२२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झचंच मॉडेल पाठवावे’ असं लिहून त्यांच्याकडून मेलवर होकार घेतला. चुकीचं मॉडेल आलंच, तर परत करताना दाखवायला तोच कागद.

पार्सल आल्यावर आधी प्लेट वाचली, बरोबर होती. मग दादांनी मल्टिमीटरचं एक टोक बॉडीवरच्या स्क्रूला आणि दुसरं टॉपच्या जाड, अर्थिंगच्या पिनेला लावलं. बीप वाजला, म्हणजे बॉडीचं अर्थिंग जुळलंय हे कळल्यावरच आम्ही बटण दाबलं.