आठ बॅगा, तेवीस किलो आणि सरकणारा एक किलो

"आम्ही चौघं अमेरिकेला चाललोय, माणशी दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. दर वेळी एक बॅग पंचवीस भरते आणि दुसरी एकोणीस, मग काउंटरसमोर जमिनीवर बसून उघडाउघडी. हे घरीच नीट कसं वाटायचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी तिकीट उघडून बॅगेजच्या पुढे काय लिहिलंय ते बघा. 2PC लिहिलं असेल तर हिशोब बॅगेचा, म्हणजे प्रत्येक बॅग आपापल्या तेवीसमध्ये बसली पाहिजे आणि एक एकोणीसची आहे म्हणून दुसरी सत्तावीसची चालवून घेत नाहीत. 30K असं काही असेल, जसं दुबई-मस्कतच्या तिकिटांवर बऱ्याचदा असतं, तर हिशोब एकूण किलोचा, आणि सगळे एकाच पीएनआरवर असाल आणि एकत्र चेक-इन करत असाल तर बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यांचं वजन मिळून धरतात. तिथेही एका बॅगेत ३२ किलोच्या वर घेत नाहीत, कारण ती उचलणारा माणूसच असतो. दुबईला जाऊन आलेल्या काकांचा सल्ला अमेरिकेच्या तिकिटाला लावला की घोळ तिथेच सुरू होतो. आणि हल्ली स्वस्त भाड्यात अमेरिकेलाही एकच बॅग देतात, त्यामुळे मागच्या वेळी दोन होत्या म्हणून आताही असतीलच असं धरून चालू नका.

आता वाटणी. बहुतेक घरांत बॅगा माणसांप्रमाणे भरतात, ही बाबांची, ही आईची, ही दोन पोरांची, आणि एक "खाऊची". ही खाऊची बॅग म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ. भाजणी, डाळी, मसाले, लाडू हे सगळं कमी जागेत जड असतं, अर्धी बॅग भरते न भरते तोच काटा तेवीसच्या पुढे जातो. उलट पोरांच्या स्वेटर-जॅकेटची बॅग चेन लागत नाही इतकी फुगते आणि वजन सतराच्या आसपास. मग काउंटरवर एकीतून काढून दुसरीत घालायला जावं तर दुसरीत वजनाला जागा आहे पण सामानाला नाही. म्हणून माझा एकच हट्ट असतो, बॅगा माणसांप्रमाणे नाही, जड-हलक्याप्रमाणे भरायच्या. प्रत्येक बॅगेत थोडं जड, थोडं हलकं.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घ्या, ती नवरा आणि दोन मुलांसकट पुण्याहून न्यू जर्सीला शिफ्ट झाली तेव्हा हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही आधी सगळं सामान ढिगांत मांडलं आणि बॅगेत काहीही घालण्याआधी ढीग वजन केले. खाण्याचं ३८ किलो, भांडी म्हणजे कुकर, कढई, तवा, पोळपाट वगैरे १४, पुस्तकं १६. हे झालं जड, एकूण ६८. मग कपडे ६०, गोधड्या-चादरी ८, चपला-बूट ७ आणि किरकोळ ९, म्हणजे हलकं ८४. दोन्ही मिळून १५२ किलो, आणि परवानगी आठ गुणिले तेवीस म्हणजे १८४. तिचा नवरा म्हणाला, अरे मग भरपूर जागा आहे, अजून थोडी भाजणी घेऊ.

पण रिकाम्या बॅगांचं वजन कोणी धरलंच नव्हतं! तीन जुन्या कडक बॅगा पाच-पाच किलोच्या, बाकी पाच मऊ बॅगा साडेतीनच्या, म्हणजे साडेबत्तीस किलो नुसत्या बॅगाच. एकूण झालं १८४.५. अर्धा किलो जास्त, तेही आठही बॅगा ग्रॅमच्या हिशोबात भरल्या तर, आणि तशा कोणाच्याच भरत नाहीत. अशा वेळी लोक भाजणी कमी करतात, मी आधी बॅग बदलायला सांगते. दोन कडक बॅगा घरीच ठेवल्या आणि त्यांच्याजागी दोन-दोन किलोच्या जाड कापडी डफल घेतल्या, सहा किलो तिथेच वाचले, एकूण आलं १७८.५. डफलला चाकं नसतात हे खरं आहे, पण विमानतळावर सगळं ट्रॉलीवरच असतं.

मग भरताना सोपं झालं. ६८ किलो जड भागिले आठ म्हणजे बॅगेला साधारण साडेआठ किलो जड, आणि ८४ भागिले आठ म्हणजे साडेदहा किलो हलकं. साडेतीन किलोच्या मऊ बॅगेत हे दोन्ही घातलं की बरोबर साडेबावीस. जी कडक बॅग उरली होती तिच्यात दीड किलो कमी, डफलमध्ये दीड किलो जास्त. सगळ्या बॅगा साडेबावीसला आणून थांबवल्या आणि शेवटची एक मुद्दाम एकवीसवर ठेवली. काउंटरवर कुठली बॅग जास्त निघाली तर त्यातलं काढून घालायला ही एक मोकळी असते. तिच्यात वरच्या बाजूला जागाही ठेवायची, नुसतं वजन कमी असून भागत नाही.

आता सरकणारा किलो. प्रत्येक बॅगेत अगदी वर, चेन उघडल्या उघडल्या हाताला लागेल अशी एक पिशवी ठेवायची, साधारण एक किलोची, तिच्यावर मार्करने वजन लिहायचं. तूरडाळीचं पाकीट चालेल, एखादी जीन्स आणि टॉवेल पिशवीत गुंडाळून चालेल. काटा २३.८ दाखवायला लागला की बॅग आडवी करून विस्कटायची गरज नाही, चेन वीतभर उघडा, पिशवी काढा, एकवीसवाल्या बॅगेत टाका. मागे रांग खोळंबलेली असताना आतले कपडे सगळ्यांसमोर बाहेर काढणं किती लाजिरवाणं होतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आणि हो, ते प्लास्टिक गुंडाळून देतात ना विमानतळावर, ते करायचंच असेल तर वजन पास झाल्यावर विचारून करा, आधी केलं तर तेच फाडत बसावं लागेल.

साडेबावीसच का, तेवीस का नाही? कारण घरचा हाताने लटकवायचा काटा. तो खोटं बोलतो असं नाही, पण हात हलला की आकडा हलतो, बॅटरी उतरली की अजून हलतो. काटा तपासायला दुकानातून आणलेली दहा किलोची बंद पिठाची गोणी त्याला लटकवा. दहाच्या जरा वर दाखवला तर ठीक, गोणीचंही थोडं वजन असतं. साडेनऊ दाखवत असेल तर प्रत्येक बॅगेला तुम्ही किलोभर जास्त भरताय हे समजून जा, कारण चूक सहसा वजनाबरोबर वाढते. काटा नसेल तर बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग बॅग घेऊन उभं राहा आणि वजाबाकी करा. नुसती बॅग काट्यावर ठेवली तर ती आकडाच झाकते, आणि भिंतीला टेकली तर वजन कमी दाखवते.

केबिनचं वेगळं गणित. बऱ्याच एअरलाईन्स सात किलो देतात, काही आठ, आणि चाकांची छोटी ट्रॉली स्वतःच अडीच-तीन किलो खाते, म्हणून मी पाठीवरची सॅक घ्यायला सांगते. पण केबिनला "उरलेलं वजन कोंबायची जागा" समजू नका, कारण काही गोष्टी तिथेच जायला लागतात आणि काही तिथे चालतच नाहीत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये अजिबात नाहीत, त्या जवळच, आणि १०० वॅट-अवरच्या आतल्या असल्या तर प्रश्न येत नाही. गेटवर जागा नाही म्हणून तुमची केबिन बॅग खाली पाठवायला घेतली तर देण्याआधी पॉवर बँक, औषधं, कागदपत्रं काढून घ्या, म्हणून ती एका छोट्या पिशवीत वरच ठेवायची. उलट लोणचं आणि तूप केबिनमध्ये जात नाही, ते द्रव-लिबलिबीतच्या १०० मिलीच्या नियमात अडकतं. अमेरिकेला जाताना केबिनमध्ये ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असेल तर वेगळी तपासणी होते आणि काढूनही टाकायला लावू शकतात, त्यामुळे मेतकूट, भाजणी, गोडा मसाला शेवटच्या क्षणी सॅकमध्ये हलवायचा विचार मनातही आणू नका. सॅकमध्ये हलवायचे ते बूट किंवा पुस्तकं.

आणि खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून आपल्याकडे २०२२ पासून चेक-इन बॅगेत त्याला मनाई आहे. स्कॅनरमध्ये दिसलं की ती बॅग बाजूला काढतात. घरात कितीही हट्ट झाला तरी ते घेऊ नका, तिकडच्या देशी दुकानात मिळतं.

नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला वेगळ्या तिकिटावर येणाऱ्यांनी एक बघावं, देशांतर्गत विमानात साधारण माणशी पंधरा किलोच असतात. पुढच्या तिकिटावर सेहेचाळीस असले तरी वेगळ्या पीएनआरला ते आपोआप लागू होत नाहीत, एअरलाईनला आधी विचारून लेखी घ्या नाहीतर सरळ गाडीने या. एकाच तिकिटावर असाल तर बहुधा हा प्रश्न येत नाही.

एक शेवटचं, जे काउंटरवर घाईत राहून जातं. आठही बॅगांचे टॅग एकाच्याच नावावर चिकटवून देतात कधीकधी, आपणही म्हणतो चालेल, लवकर होतंय ना. तसं करू देऊ नका. बॅग हरवली तर भरपाईची मर्यादा मॉन्ट्रियल करारानुसार माणशी असते, बॅगेमागे नाही, डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर, म्हणजे आयएमएफच्या हिशोबी चलनात, आहे, आणि एकाच नावावर आठ बॅगा असतील तर एअरलाईन एकाच माणसाची मर्यादा दाखवू शकते. म्हणून प्रत्येकाच्या नावाने दोन-दोन टॅग मागा. त्याचबरोबर प्रत्येकाचे दोन जोड कपडे दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा, जड-हलकं वाटताना ते तसंही आपोआप होतं. नेवार्क विमानतळावर बॅगा उशिरा आल्या तरी धाकट्याला घालायला काहीतरी मिळेल. टॅगच्या पावत्यांचा फोटो काढा, आणि कुठल्या बॅगेत काय आहे त्याची यादी आठही बॅगांची फोनवर असू द्या, कस्टम्सच्या माणसाने "यात खायचं काय आहे" विचारलं तर चारही जणांनी एकमेकांकडे बघत बसायला नको.