“फ्रॅक्चर” न लिहिता हाताबद्दल सगळं लिहायचं

आमच्या कामाच्या ठिकाणी प्रथमोपचाराची जबाबदारी माझ्याकडे आहे. पट्ट्या बांधणं प्रशिक्षणात शिकवलं, सरावानं जमलंही. नोंदवहीचा रकाना भरणं मात्र मला एका अपघाताच्या वेळी खऱ्या अर्थानं समजलं.

गोदामात एक सहकारी शिडीवरून पडले. मी ११:२४ला पोहोचले तेव्हा ते जमिनीवर बसलेले होते, उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरलेला. मनगट पाहताक्षणी कोणीही म्हणालं असतं की हाड मोडलंय. मीही मनात तेच म्हटलं आणि वागलेही तसंच. हात आहे त्या स्थितीत ठेवला, खाली गुंडाळलेला टॉवेल दिला, सरळ करून पाहायच्या फंदात पडले नाही. वरून पडलेले म्हणून मान हलवू नका असं सांगितलं, एका सहकाऱ्याला मागे बसून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायला लावलं आणि दुसऱ्याला रुग्णवाहिकेसाठी फोन करायला पाठवलं. मोडलंय असं धरून वागायचं, पण तसं लिहायचं नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मोडलंय की नाही हे एक्स-रे ठरवतो. मला दिसत होते ते आकार, रंग आणि हालचाल.

म्हणून मी लिहिलं: “उजवे मनगट, अंगठ्याच्या बाजूने सुजलेले. मनगटाच्या जरा वर हाताचा आकार डाव्या हातापेक्षा वेगळा, पाठीकडची बाजू उंच दिसते. त्वचा फाटलेली नाही, रक्त नाही. हात हलवायला सांगितलेला नाही. दुखणे १० पैकी ८ असे ते सांगतात.” यात उजवं म्हणजे जखमी माणसाचं उजवं. समोर बसून लिहिताना ही बाजू हमखास उलटी होते, म्हणून मी दरवेळी त्यांच्या हाताला अलगद बोट लावून “हा उजवा ना?” असं विचारते आणि मगच लिहिते.

बोटांसाठी मी वेगळी ओळ ठेवली. “बोटांना स्पर्श कळतो. मधल्या बोटाचे नख ५ सेकंद दाबून सोडले, रंग २ सेकंदांत परतला. वेळ ११:३०.” त्याच वेळी त्यांच्या बोटातली अंगठी काढली, कारण सूज चढल्यावर ती निघत नाही आणि आवळते. तेही लिहिलं, आणि अंगठी त्यांच्या खिशात ठेवली हेसुद्धा.

मग साहेब आले. ते चांगले गृहस्थ आहेत, पण घाईत होते. म्हणाले, “मुरगळलंय असं लिहून टाका ना, एका शब्दात काम होईल.” मी म्हटलं, “साहेब, मुरगळलंय हेसुद्धा निदानच झालं, आणि तेही हलकं. पुढचा वाचणारा त्यावर विसंबून राहील.” फ्रॅक्चर लिहायचं नाही एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण ‘किरकोळ’, ‘साधा मुका मार’, ‘घाबरल्यामुळे चक्कर’ हे शब्दही तितकेच निदानाचे आहेत, आणि धीर देणारे असल्यामुळे ते सहज वहीत शिरतात.

याचा उपयोग अकरा चाळीसला दिसला. मी बोटं पुन्हा तपासली तेव्हा ते म्हणाले, “आता अंगठ्याला न् या दोन बोटांना मुंग्या येतायत.” आधीच्या ओळीत नुसतं ‘मुरगळले’ असतं तर ही दुसरी ओळ कशाशी ताडून पाहायची? इथे दोन वेळा होत्या आणि दोन निरीक्षणं होती, मधला बदल स्पष्ट दिसत होता. मी फोनवर तो बदल लगेच कळवला. मुंग्या कशामुळे, यावर वहीत एक अक्षरही लिहिलं नाही. त्यांचे शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवले.

हात डोळ्यांना दिसतो, तो त्या मानानं सोपा. खरी कसोटी डोक्याची होती. डाव्या कानाच्या वर टेंगूळ होतं, अंदाजे ३ सेंटिमीटर रुंद, कातडी शाबूत. ‘अंदाजे’ लिहिलं, कारण पट्टी लावून मोजलं नव्हतं. पण वहीत छापील प्रश्न होता: शुद्ध हरपली होती का? हो किंवा नाही. पडताना कोणी पाहिलेलं नव्हतं. आवाज ऐकून लोक धावले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, “पायरी निसटली ते आठवतं, खाली कसा आलो ते आठवत नाही.” मी दोन्ही चौकटी मोकळ्या ठेवल्या आणि शेजारी लिहिलं: “पडताना पाहणारे कोणी नाही. मी ११:२४ला पोहोचले तेव्हा डोळे उघडे. नाव, जागा, वार बरोबर सांगितले. पडण्याचा क्षण आठवत नाही असे स्वतः सांगतात.” या चार वाक्यांत काय मी पाहिलं आणि काय त्यांनी सांगितलं हे वेगळं राहतं. हे वेगळेपण गेलं की नोंद कितीही सविस्तर असो, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

११:४५ला त्यांना एकदा उलटी झाली. तीही तशीच: वेळ, एकदा, रक्त दिसले नाही. ‘मेंदूला मार’ हा शब्द ओठांवर आला होता, पण तो माझ्या हातातला शब्द नव्हता.

‘इतर इजा नाही’ हे वाक्यही मी आता लिहीत नाही. त्या दिवशी मी त्यांचा चेहरा, मान, दोन्ही हात आणि पायांचा उघडा भाग पाहिला होता. शर्टाच्या आत पाहिलं नव्हतं. म्हणून ओळ झाली: “पाहिलेल्या भागांवर इतर जखम दिसली नाही. पाठ, पोट, मांड्या पाहिलेल्या नाहीत. मानेत दुखते का विचारले, नाही म्हणाले.” न पाहिलेलं न पाहिलेलं म्हणून नोंदवलं की रुग्णवाहिकेतल्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळतं. त्यांनी वही वाचली आणि पहिला प्रश्न पाठीबद्दल विचारला.

काही दिवसांनी रुग्णालयाचा कागद आला. मनगटाचं हाड मोडलं होतं. साहेब म्हणाले, “आता तरी मूळ नोंदीत फ्रॅक्चर घाला, म्हणजे कागद जुळतील.” मी मूळ ओळींना हात लावला नाही. खाली नवी तारीख आणि वेळ टाकून लिहिलं: “रुग्णालयाच्या कागदानुसार उजव्या मनगटाचा अस्थिभंग. हा कागद आज पाहिला.” खाली सही. त्याच पानावर मी एके ठिकाणी घाईत ‘डावे’ लिहून लगेच दुरुस्त केलं होतं. तिथे शब्दावर एकच रेघ आहे, खालचं अक्षर वाचता येतं आणि बाजूला माझी आद्याक्षरं आहेत. व्हाइटनर मी त्या कपाटातून काढूनच टाकला.