कॅनिंग फॅक्टरीत मॅडमच्या मागे मागे : अकरावीच्या सुट्टीतला माझा अनुभव

अकरावीची परीक्षा संपायच्या आधीच माझं ठरलं होतं की या सुट्टीत कुठेतरी जाऊन एखादा माणूस दिवसभर नक्की काय काम करतो ते त्याच्या मागे फिरून बघायचं. काम करायचं नाही, पैसे नकोत, फक्त बघायचं. आई म्हणाली, अगं देवगडात मे महिन्यात सगळे आंब्यात बुडालेले, तुला कोण दाखवत बसणार?

मला केमिस्ट्री आवडते म्हणून पहिल्यांदा पॅथॉलॉजी लॅब डोक्यात आली. तिथे विचारलं तर पेशंटचे रिपोर्ट असतात, बाहेरच्या कोणाला बसवता येत नाही असं म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. नात्यातले एक जण बँकेत आहेत पण तिथे सगळं स्क्रीनवर चालतं, मागे उभं राहून काय कळणार. मग वाटलं की जागा अशी पाहिजे जिथे सुरुवात आणि शेवट दोन्ही डोळ्याला दिसतं, आणि मधे कोणीतरी हो की नाही ठरवणारं माणूस असतं. काका दरवर्षी डागी नि बारका आंबा कॅनिंगला, म्हणजे गर काढून डब्यात भरणाऱ्या फॅक्टरीला घालतात, त्यांच्या बोलण्यात तिथल्या क्वालिटीवाल्या मॅडमचं नाव यायचं, कारण क्रेट परत पाठवणाऱ्या त्याच. म्हटलं, बस, याच मॅडम!

काकांनी आधी सुपरवायझर भाऊंची गाठ घालून दिली. भाऊ म्हणाले, "सीझन चालू झालो की माका इचारू नको, तेव्हा माका जेवक सुदा येळ नाय. आताच शेठांका भेट." म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, जेव्हा मशीन धुऊन-पुसून तयार असतात पण आंबा अजून आलेला नसतो. मेच्या मध्यात फोन केला असता तर कोणी उचललाच नसता.

शेठना माझ्या शिकण्याबद्दल काही नव्हतं, त्यांची काळजी वेगळीच होती. मी सतरा वर्षांची, उद्या तपासणीला कोणी आलं आणि मला आत बघितलं तर म्हणणार पोरांना कामाला लावलंय. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मग कॉलेजचं पत्र आणलं, त्यात सरळ लिहून घेतलं की ही विद्यार्थिनी फक्त निरीक्षण करणार, कुठल्याही मशीनला हात लावणार नाही, सकाळी दहा ते चार थांबणार, फोटो काढणार नाही, आणि खाली बाबांची सही. फोटोचं मी स्वतःहून घातलं आणि मला वाटतं शेठ त्यावरच विरघळले, कारण कोणत्या गिऱ्हाईकाचा माल कुठल्या लेबलने जातो ते त्यांना बाहेर जायला नको होतं.

आता शिकायचं काय. माझ्या वहीत आधी भलतेच प्रश्न होते, फॅक्टरी कशी काढायची, एक्सपोर्ट कसा होतो वगैरे, ते मॅडमना विचारून काय उपयोग, त्यांचं ते कामच नाही. मग सगळं खोडून एकच ठेवला : डबा न उघडता आतलं बरोबर आहे हे मॅडमना कसं कळतं? हा प्रश्न इतका पुरला की दुसरा लागलाच नाही.

पहिलं उत्तर कापणीच्या टेबलावर मिळालं. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही, फळ वरून एकदम देखणं आणि आत पांढरट स्पंजासारखा आंबट गर. म्हणून प्रत्येक आंबा हातानेच कापतात, बायका साका झपाझप काढून टाकतात आणि मगच गर पल्परला जातो. म्हणजे डब्यातल्या मालाची खात्री डबा भरायच्या आधीपासूनच करत आणावी लागते.

मग लॅब, म्हणजे खरं तर सिंकच्या बाजूचा एक ओटा. एका लॉटचा पल्प रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसात प्रकाश किती वाकतो त्यावरून गोडी सांगणाऱ्या यंत्रावर, १५.४ ब्रिक्स दाखवत होता आणि खरेदीदाराची अट कमीत कमी १६ ची. ब्रिक्स म्हणजे साधारण १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर विरघळलेली आहे ते. मला वाटलं गेला हा लॉट. मॅडमनी आधी नमुन्याचं तापमान बघितलं, ३० डिग्री. त्यांच्याकडचा हातातला जुना रिफ्रॅक्टोमीटर २० डिग्रीला धरून बनवलेला, स्वतः दुरुस्ती करत नाही. रस गरम असला की त्यात प्रकाश कमी वाकतो आणि आकडा कमी येतो, दर डिग्रीला साधारण ०.०८ धरायचं, म्हणजे दहा डिग्रीचे ०.८, म्हणजे खरा आकडा १६.२. लॉट पास. फिजिक्सच्या पुस्तकातला अपवर्तनांक इथे टनभर पल्पचा निकाल लावतोय हे बघून मी जाम खूश!

पण गोडी पुरेशी असली तरी भागत नाही. हापूस जितका पिकतो तितकी आंबटाई उतरते, म्हणजे ब्रिक्स छान वाढतो आणि पीएचसुद्धा वर सरकतो. त्याच लॉटचा पीएच ४.३ आला. यात ४.६ ही धोक्याची रेषा, कारण त्याच्या खाली बंद डब्यात विष तयार करणारा बॉट्युलिनमचा जंतू वाढत नाही, आणि त्याचे बीजाणू नुसत्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. म्हणून आंब्याचा डबा उकळत्या पाण्यात काढला तरी चालतो, पण माशाचा डबा प्रेशरखाली १२१ डिग्रीला न्यावा लागतो, कारण माशात आंबटपणा नाही. मॅडम रेषेजवळ जातच नाहीत, त्यांची स्वतःची मर्यादा ४.२. थोडं सायट्रिक ॲसिड घातलं, ढवळलं, पुन्हा मोजलं, मगच भरायला सोडलं.

बंद डब्याची गोष्ट मात्र कानाने कळते. पल्प गरम भरतात, गार झाल्यावर आत आकसतो आणि झाकण किंचित आत खेचलं जातं. मॅडम लाकडी दांडीने एकेक डबा ठोकत जायच्या, चांगला टण्ण वाजतो, हवा शिरलेला भदभदीत. मला दहा डबे ओळीने ऐकवले तरी त्यातला एक वेगळा लागायला वेळ लागला. त्याशिवाय अधूनमधून एखादा डबा शिवणीवर कापून बघतात, झाकण आणि अंगाचा पत्रा एकमेकांत दोनदा दुमडलेला असतो, तो दुमड पुरेसा एकावर एक आलाय का ते मोजायचं. शिवण ढिली असली तर बाकीचं सगळं मोजून फुकट, गार करताना त्या फटीतून पाणीच आत ओढलं जातं.

खरेदीचा दर कसा ठरतो ते मात्र शेवटपर्यंत दाखवलं नाही. वजनकाट्याजवळ गेले की भाऊ गोड बोलून लॅबमध्ये पाठवायचे. मी पण आग्रह केला नाही, पत्रात ते नव्हतंच.

निघताना मॅडमना एकच मागितलं, त्या १६.२ वाल्या लॉटचे काही डबे ३७ डिग्रीच्या पेटीत ठेवले होते, फुगतात का बघायला, त्याचं काय झालं तेवढं कळवा. साधारण दोन आठवड्यांनी मेसेज आला, सगळे सपाट, माल गेला. यंदा माझी बारावी आणि सीईटी आहे म्हणून जमणार नाही, पण शेजारची अकरावीतली पोर जायचं म्हणतेय. तिला कॉलेजच्या पत्राचा मजकूर दिलाय आणि शेठना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच गाठ म्हणून सांगितलंय.