खाट ११ : ‘शांत झोपलाय’

पाळी संपताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीच्या सिस्टरला द्यायची, त्याला ओव्हर म्हणतात. ते आठला द्यायचं असलं, तरी त्याचा कागद पावणेसातलाच लिहायला घ्यावा लागतो. नाशिकच्या ज्या रुग्णालयातली ही गोष्ट आहे, तिथल्या मेडिसिन वॉर्डात २८ खाटा आहेत आणि रात्री दोन सिस्टर असतात. रिपोर्ट बुकात नोंदी घड्याळाप्रमाणे पडतात : आधी खाट ४, मग १९, मग पुन्हा ४, मधेच नवीन दाखल. सकाळी येणाऱ्या सिस्टरला मात्र एकेक रुग्ण सलग हवा असतो. म्हणून मी कागदाच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे रुग्ण आत्ता कसा आहे ते, उजवीकडे काय राहिलंय आणि किती वाजता करायचंय ते.

उजवी बाजू भरताना मी नोंदींतली क्रियापदं पाहते. ‘पाठवलं’, ‘लावलं’, ‘कमी केलं’, ‘कळवलं’ असं वाचलं की काम उरकल्यासारखं वाटतं आणि ते डावीकडेच राहून जातं. पण ‘पोटॅशियम पाठवलं’ म्हणजे रिपोर्ट आणायचाय आणि डॉक्टरांना दाखवायचाय. ‘५.४५ला रक्त लावलं’ म्हणजे ९.४५च्या आत पिशवी संपलीच पाहिजे, चार तासांच्या वर ती चालवायची नाही. सगळ्यात फसवं ‘डॉक्टरांना कळवलं’. ते काय म्हणाले हे लिहिलेलं नसेल, तर मी सरळ उजवीकडे ‘उत्तर घ्यायचं’ असं लिहिते.

त्या गुरुवारी खाट ११वर दिंडोरीकडचा एक शेतमजूर होता, वय ३४. द्राक्षबागेत फवारणी करताना औषध अंगावर उडालं आणि ओल्या कपड्यांतच त्यानं दुपार काढली. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला दाखल झाला तेव्हा बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, नाडी मंद. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकाची विषबाधा. कपडे काढून साबणाने अंघोळ, उतारा म्हणून ॲट्रोपिनचे डोस आणि मग सिरिंज पंपावर ॲट्रोपिन चालू. बुधवारपर्यंत छाती मोकळी झाली होती.

रात्रीच्या शेवटच्या नोंदीत होतं : ‘५.३०. शांत झोपलाय. नाडी ९६, बीपी ११८/७६, ऑक्सिजन ९७, छाती साफ.’ यावरून मी कागदावर पहिली ओळ लिहिली, ‘११ : स्थिर, शांत झोपलाय.’ ओळ खोटी नव्हती. पण मागची पानं उलटून ११च्या बाकीच्या नोंदी तिच्याखाली एकामागे एक उतरवल्यावर चित्र पालटलं.

रात्री १०.४० : ‘पाणी पिताना ठसका, बायको म्हणते नाकातून पाणी आलं.’ १.५० : ‘बेचैन, चादर ओढतो, ताप १००.४, तोंड कोरडं. डॉक्टरांना कळवलं.’ ४.०० : ‘ॲट्रोपिन ५चं ३ केलं.’ ४.४५ : ‘बोलणं हळू, पापण्या जड, झोप आली असावी.’ मग साडेपाचची शांत झोप.

मधल्या दोन नोंदी एकमेकींना धरून आहेत. ॲट्रोपिन जास्त झालं की तोंड कोरडं पडतं, ताप येतो, माणूस बडबडतो, चादर ओढतो. डोस कमी केल्यावर तो शांत होणं अपेक्षितच, त्यामुळे झोपेला कारण मिळालं आणि पुढे कुणी पाहिलं नाही. पण नाकातून पाणी येणं त्यात कुठेच बसत नाही. ते घशाचे स्नायू दुबळे झाल्याचं लक्षण, आणि जड पापण्याही त्याच माळेतल्या. या विषबाधेत साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, छाती साफ झालेली असतानाच, मानेचे, घशाचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. त्याला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात. इथे साठ तास उलटून गेले होते. ॲट्रोपिन घाम, लाळ, घरघर थांबवतं, पण स्नायूंच्या या दुबळेपणावर त्याचा काही उपयोग होत नाही.

ऑक्सिजन ९७ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. श्वासाचे स्नायू थकत असले तरी तो आकडा बराच वेळ चांगला दिसतो आणि पडतो तेव्हा हाताशी वेळ नसतो. खाटेपाशी करायच्या दोन गोष्टी आहेत, दोन्हीला यंत्र लागत नाही. एक, उशी काढून रुग्णाला डोकं उचलायला सांगायचं. दुसरी, खोल श्वास घ्यायला लावून एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावायचे. धडधाकट माणूस तिशीच्या पुढे सहज जातो. पंधराच्या आत दम संपला तर थांबायचं नाही, डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं.

७.०५ला मी त्याला उठवलं. जागा झाला, नाव सांगितलं, सगळं कळत होतं. ‘दादा, डोकं उचला बरं.’ हनुवटी थोडी हलली, डोकं गादीवरच. आकडे अकरापर्यंत गेले, शेवटचे दोन नाकातून. पायथ्याशी बसलेली बायको म्हणाली, ‘सिस्टर, रात्रीपासून मीच त्यांची मान धरून बसवते.’ ही गोष्ट कुठल्याच नोंदीत नव्हती.

ड्युटी डॉक्टरांना फोन केला तेव्हा ‘रुग्ण कसातरीच वाटतोय’ असं म्हटलं नाही. विषबाधा होऊन किती तास झाले, मान उचलत नाही, एका दमात अकरा, रात्री नाकातून पाणी, ऑक्सिजन ९६, एवढंच. ते वर आले, तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं आणि आयसीयूत खाट मागितली.

मग कागदावरची ओळ खोडून नवी लिहिली. डावीकडे : ‘विषबाधेला ६० तासांच्या वर. पूर्ण शुद्धीत. मान उचलत नाही, एका दमात ११, नाकातून पाणी. छाती साफ, ऑक्सिजन ९६.’ उजवीकडे : ‘तोंडाने काही नाही. दर अर्ध्या तासाला श्वासाची गती आणि आकडे मोजणं. खाटेशी सक्शन आणि हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग. आयसीयूचा निरोप ८पर्यंत आला नाही तर परत फोन.’

राहता राहिला ॲट्रोपिनचा ‘३’. मिली की मिलिग्रॅम? सिरिंजमध्ये ०.६ मिलिग्रॅमचे ५० अँप्युल भरलेले, म्हणजे ५० मिलीत ३० मिलिग्रॅम. तेव्हा ताशी ३ मिली म्हणजे १.८ मिलिग्रॅम. नुसता ‘३’ वाचून कुणी मिलिग्रॅम धरले, तर पंप ५वर जाईल आणि पहाटे कमी केलेला डोस होता तिथेच येईल. म्हणून दोन्ही आकडे एककासकट लिहिले. सातला सिरिंजमध्ये १२ मिली उरलं होतं, म्हणजे ११ला संपणार. पन्नास अँप्युल फोडून भरायला वेळ लागतो आणि मधे खंड पडला तर छातीतली घरघर परत येते. तेव्हा ‘औषध ९.३०पर्यंत मागवा, नवी सिरिंज १०.४५ला तयार’ हेही उजवीकडे गेलं. डोस कमी केलाय, त्यामुळे छाती दर तासाला ऐकायची, हेही.

आठला सकाळच्या सिस्टरबरोबर खाटेपाशी ओव्हर झालं आणि तिने डोकं उचलण्याची तपासणी स्वतः पुन्हा केली. ८.४०ला त्याला आयसीयूत हलवलं, सोबत अंबू बॅग आणि पंप. दुपारी त्याला व्हेंटिलेटर लागला. कागदाची झेरॉक्स फाइलला लावली होती. आयसीयूच्या सिस्टरने ती वाचून एकच गोष्ट विचारली : अँप्युल मागवलेत, की मी मागवू?