रांगेचा फोटो, एक ताट आणि तांदळाचा हिशेब : माझा अनुभव

सामुदायिक स्वयंपाकघरासाठी तांदूळ मागायचा फॉर्म मी तीनदा भरला. नाव, पत्ता, शिक्का, सही यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते एका रकान्यापाशी : "अंदाजित व्यक्तिसंख्या (सोबतच्या फोटोनुसार)". खाली दोन चौकोन, एक रांगेच्या फोटोसाठी आणि एक "नेहमीच्या ताटाच्या" फोटोसाठी. त्या कंसातल्या दोन शब्दांनी माझे दहा दिवस खाल्ले.

पहिल्या वेळी मी आमच्या आचाऱ्याला विचारलं. "पन्नास किलो लिहा, उरला तर उरला." मी लिहिलं पन्नास किलो, माणसं साडेचारशे, आणि वर रांगेचा फोटो डकवला. म्हणजे सरळसरळ अंदाजपंचे दाहोदरसे. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी फोटो उजेडात धरला आणि पेनाच्या टोकाने डोकी मोजली. अडतीस. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, अडतीस माणसांना पन्नास किलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग मात्र भरपूर आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. आता कळतं की चूक आमची दोघांचीही होती. ते फोटोत दिसणारी माणसं मोजत होते आणि मी न मोजताच आकडा लिहिला होता.

घरी येऊन तोच फोटो मोठा करून मी मोजला. एकेचाळीस. रांगेच्या तोंडाशी उभं राहून काढलेला फोटो होता तो. पुढची सात-आठ माणसं पूर्ण दिसत होती, त्यांच्यामागे नुसती डोकी आणि त्याही मागे केसांचा एक काळा पट्टा. लांबची माणसं एकमेकांमागे लपतात, म्हणून अशा फोटोत आकडा नेहमी कमीच येतो.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरून फोटो काढला, रांगेच्या बाजूने आणि वरून. (जमल्यास पाठमोराच काढा. जेवायला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा फॉर्मवर डकवायचं काहीच कारण नाही.) रांग ज्या भिंतीलगत लागते तिला ठरावीक अंतरावर खांब आहेत. टेपने मोजलं तर दोन खांबांमध्ये तीन मीटर. फोटोत रांगेने नऊ गाळे व्यापले होते. जवळच्या गाळ्यांत आठ, सात, सात अशी माणसं स्पष्ट मोजता आली, पण शेपटाकडच्या दोन गाळ्यांत पाच आणि सहाच होती. रांग वाढप्याजवळ दाटते आणि मागे सैल पडते, त्यामुळे पुढच्याच गाळ्याचा आकडा नऊने गुणला तर उत्तर फुगतं. पुढचे, मधले आणि मागचे गाळे वेगवेगळे धरून बेरीज आली साठ. मी खूश. दुसऱ्यांदा फॉर्म घेऊन गेले, माणसं साडेचारशेच लिहिली आणि फोटोखाली "६०" असं ठळक लिहिलं.

"मग साठच लिहा ना," ते म्हणाले.

इथून पुढचा अर्धा तास मला कोणी परत दिला तर बरं होईल. मी सांगत होते की रांग दोन तास असते. ते सांगत होते की फोटोत साठ आहेत. मी म्हटलं, हे साठ गेले की दुसरे येतात. ते म्हणाले, "दुसरे किती ते फोटोत कुठे आहे?" आणि खरं सांगायचं तर प्रश्न बिनतोड होता. एका फोटोत ते कुठेच नसतं. टाकीत आत्ता किती पाणी आहे यावरून दिवसभरात नळातून किती वाहून गेलं ते कळत नाही, तसंच आहे हे. साठ माणसांची रांग दोन मिनिटांत पुढे सरकत असेल, नाहीतर तासभर तिथेच ताटकळत असेल. फोटो दोन्हींचा सारखाच येतो. हवी होती ती वेळ.

ती मला एका छत्रीने मिळवून दिली. पुन्हा जिन्यावर जाऊन १२ वाजून ४० मिनिटांनी काढलेल्या फोटोत तशाच साठांच्या रांगेच्या शेपटाशी एक बाई लाल छत्री घेऊन उभ्या होत्या. मी जिन्यावरच थांबले. त्या ताट घेऊन वाढप्यासमोर आल्या तेव्हा १२:५५ झाले होते आणि मी दुसरा फोटो काढला. म्हणजे त्यांच्या पुढची साठ माणसं पंधरा मिनिटांत वाढून झाली. मिनिटाला चार. बस, एवढंच हवं होतं. मधे कोणी घुसलं किंवा कंटाळून रांग सोडून गेलं तर हिशेब हलतो, म्हणून तेवढा वेळ छत्रीपुढच्या रांगेवरची नजर काढायची नाही.

पडताळा म्हणून मी वाढप्याशेजारी घड्याळ घेऊन पाच मिनिटं ताटं मोजली, तर तेवीस आली. हे मिनिटाला साडेचारच्या वर गेलं. आधी मी गोंधळले, मग लक्षात आलं की त्या पाच मिनिटांत पातेलं बदललं नव्हतं. रिकामं उचलून भरलेलं आणेपर्यंत वाढप दोनेक मिनिटं थांबतं आणि छत्रीच्या पंधरा मिनिटांत ते एकदा थांबलं होतं. म्हणून मी चारच धरले. नुसती भरधाव पाच मिनिटं मोजाल तर फसाल.

आता चारला १२० मिनिटांनी गुणायचा मोह होतो, कारण वाढप बारा ते दोन. उत्तर ४८० येतं आणि आमच्या आचाऱ्याच्या पन्नास किलोंना शोभून दिसतं. पण मिनिटाला चार हा वेग रांग उभी असते तेव्हाचाच. रांग नसते तेव्हा वाढपी मोकळा असतो आणि जितके येतात तितकेच वाढून होतात. आमच्याकडे रांग सव्वाबाराला लागते आणि दीडला संपते. ती ७५ मिनिटं गुणिले चार म्हणजे ३००. उरलेल्या पाऊण तासात तुरळक माणसं येतात. ती समोर बसून मोजली तर दोन मिनिटांना तीन, म्हणजे सत्तरएक. एकूण ३७०.

तरी हे ३७० म्हणजे माणसं नव्हेत. काहीजण जेवून पुन्हा रांगेत लागतात, काही घरच्या आजाऱ्यासाठी दुसरं ताट नेतात. तांदळाला माणूस कळत नाही, ताट कळतं. माझा हिशेब ताटांचा आणि रकाना व्यक्तींचा! यावर मी खिडकीपाशी वाद घातला नाही, तेवढं शहाणपण तोवर आलं होतं.

ताटाचा फोटो सोपा वाटला होता, पण त्यानेही छळलं. वरून काढलेल्या फोटोत भाताची रुंदी कळते, उंची नाही. ताट मोजून घेतलं, २८ सेंटीमीटर. भात त्याच्या निम्म्या रुंदीत, म्हणजे १४ सेंटीमीटर. बाजूने फोटो काढल्यावर उंची दिसली पाच. शाळेतलं शंकूचं सूत्र लावलं तर आकारमान आलं साधारण २५७ मिलिलिटर. मोकळा शिजलेला भात मिलिलिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणून वजन सुमारे १९० ग्रॅम. पण भात शंकूसारखा टोकदार थोडाच बसतो? मुदीसारखा गोल धरला तर तेवढ्याच रुंदी-उंचीत बरोबर दुप्पट आकारमान येतं, म्हणजे ३८५ ग्रॅम. एकाच फोटोतून दोन उत्तरं, एक दुसऱ्याच्या दुप्पट, आणि फरक कशाचा, तर खांदे उतरते की भरलेले एवढाच.

शेवटी मी वजनकाटा आणला, तो पहिल्याच दिवशी आणायला हवा होता. वाढप्याला न सांगता दहा ताटं रांगेतून तशीच उचलून तोलली (सांगितलं की त्याचा हात आखडतो), ताटाचं वजन वजा केलं आणि सरासरी आली २७० ग्रॅम. दोन भातवाढ्या, प्रत्येकी १३५ च्या आसपास. शितावरून भाताची परीक्षा होते, पण ती शिजला की नाही याची. किती लागेल ते एका ताटावरूनही नीट कळत नाही, दहा लागतात. आणि ती दहाच्या दहा सुरुवातीची नकोत. पातेलं तळाला गेलं की वाढपी आपोआप हात आवरतो.

शिजलेल्या भातावरून कोरड्या तांदळाकडे यायला एक किलो तांदूळ नेहमीच्याच पद्धतीने शिजवून तोलला. २.७ किलो झाला. हे प्रमाण तांदळाच्या जातीवर आणि पेज काढता की नाही यावर हलतं, अडीच ते तीनपर्यंत जाऊ शकतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. आमचं गणित मात्र सुटसुटीत बसलं : २७० ग्रॅम भाताला १०० ग्रॅम तांदूळ. ३७० ताटांना ३७ किलो. तळाची खरवड आणि सांडलवंड धरून ४०.

आचारी दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

तिसऱ्या खेपेला मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी डकवले, छत्रीभोवती लाल पेनाने गोल केला, वेळा लिहिल्या आणि खाली अर्ध्या पानात हिशेब मांडला. गृहस्थांनी पहिला गोल पाहिला, दुसरा पाहिला, स्वतःशी पुटपुटत पंधराने साठला भागलं. मग विचारलं, "आणि दीडनंतर?" त्या क्षणी त्यांच्याबद्दलचा माझा निम्मा राग उतरला, कारण हाच प्रश्न मी स्वतःला दोन दिवस उशिरा विचारला होता. सही झाली.

चाळीस किलो आम्ही एकदम शिजवत नाही, हे सांगायचं राहिलं. पंधरा-पंधराची दोन पातेली आधी होतात आणि दहाचं तिसरं साडेबाराला रांग पाहून चढवायचं की नाही ते ठरतं. आमच्या शेगडीवर त्याला पाऊण तास लागतो, म्हणजे सव्वाला तयार. त्याहून उशीर केला तर दीडच्या आधीच दुसऱ्या पातेल्याचा तळ दिसतो. त्या वेळी रांग सहा गाळ्यांच्या आत असेल तर आम्ही तिसऱ्यात पाचच किलो टाकतो.

पहिल्या दिवशी ताटं मोजली तर ३६१ झाली आणि सातएक किलो भात उरला. तो झाकून तसाच कोमट ठेवायचा नसतो, त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात, म्हणून दोन वाजता तिथल्या तिथे वाटून टाकला. आचारी म्हणाला, "बघा, उरलाच."

पुढच्या महिन्याच्या फॉर्मवर तो रकाना तसाच आहे. मी त्यात ३७० लिहिते आणि शेजारी पेनाने बारीक अक्षरात "ताटं" असं जोडते. अजून कोणी खोडलेलं नाही.